काकूंच्या भाकरीला दोन तास का दिले

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या नऊ मिनिटांच्या फिल्मचा रफ कट एका ओळखीच्या माणसाला दाखवला, तर म्हणतो, "भाकरीच्या शॉटला दोन तास घालवलेत? एआयनं दोन मिनिटांत झालं असतं!" वर त्या पुराच्या शॉटचं कौतुक. "हा मात्र खरा वाटतो." अरे बाबा, तोच तर खोटा आहे!

आमचं बजेट अडतीस हजार. दोन दिवसांचं कॅमेरा-लेन्सचं भाडं, साउंडवाला, गाडी आणि जेवण यातच संपलं. गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली, कृष्णाकाठच्या एका घरातली. आणि शूट मे महिन्यात, तेव्हा पूर कुठून आणणार? शिवाय आईला घेऊन येणारी एसटी हवी होती आणि काकूंची भाकरी. तीन शॉट, तिन्ही अवघड.

मी एक केलं. आधी एआयला हातच लावला नाही. शूट झालेलं सगळं जोडलं आणि जिथं काही नव्हतं तिथं काळी पट्टी टाकून त्यावर नुसतं लिहिलं, 'पूर', 'एसटी'. मग चार जणांना दाखवलं. एसटीच्या पट्टीवर कुणाचंच अडलं नाही. मागं हॉर्न, ब्रेकचा तो खर्रर्र आवाज आणि मुलीच्या तोंडावरून सरकत गेलेला उजेड (बाइकचा हेडलाइट होता, सांगू नका कुणाला). एसटी कट! एआयनं करून बघितली असती तर पाटीवरच्या 'सांगली'चं काय झालं असतं कोण जाणे. ही यंत्रं देवनागरी अक्षरांचा बऱ्याचदा चुराडा करतात.

पुराची पट्टी मात्र सगळ्यांना खुपली. पाणी दिसल्याशिवाय घर सोडायची घाई पटतच नव्हती. मग तेवढा एकच शॉट एआयचा. त्यासाठीसुद्धा गच्चीवरून त्याच कॅमेऱ्यानं, त्याच लेन्सनं फोटो काढला, तोही ढगाळ सकाळची वाट बघून. उन्हातला फोटो दिला असता तर पावसाळी आभाळाखाली घरांच्या काळ्या कुळकुळीत सावल्या पडल्या असत्या. पहिल्या प्रयत्नात काय आलं? निळं पाणी आणि लाटा, जणू गणपतीपुळे! पुराचं पाणी चहासारखं असतं, ते उसळत नाही, गपचूप चढतं. सतराव्या खेपेला जमलं, एकोणीसशे रुपये गेले. क्लिप आठ सेकंदांची, पण चौथ्या सेकंदाला डावीकडच्या घराची खिडकी हळूच सरकली. म्हणून पहिले अडीच सेकंदच ठेवले, वर थोडं ग्रेन टाकलं आणि खाली बंधाऱ्यावर जाऊन रेकॉर्ड केलेला खरा आवाज. आवाजानंच निम्मं काम केलं.

एवढं करूनही हा माणूस म्हणतो भाकरी एआयकडूनच करायची! संतापाच्या भरात दुपारी करूनच बघितली. दिसायला झकास. पण पीठ बोटांना चिकटतच नाही. थापताना भाकरी फिरत नाही, जागच्या जागी आपोआप मोठी होते. तव्यावर टाकली, पण वरच्या पिठाच्या बाजूला पाणी लावलंच नाही, तरी पुढच्या क्षणी टम्म फुगलेली. ज्यांच्या घरात रोज भाकरी होते त्यांना हे एका नजरेत कळतं, आणि आपली फिल्म बघणार तेच लोक.

आता हेही कबूल करतो की हात न दिसणारा, दुरून चुलीचा नुसता धूर असता, तर मीही एआयचाच घेतला असता. आणि पुराचा शॉट पूर्वी कुणा व्हीएफएक्सच्या पोरानं केला असता, हेही खरं. पण त्याला द्यायला माझ्याकडे पैसे होते कुठं?

आता राग जरा उतरलाय. ते दोन तास का लागले ते सांगतो. पहिल्या तीन भाकऱ्या काकूंनी कॅमेऱ्याकडे बघत थापल्या, टीव्हीवरच्या कार्यक्रमात थापतात तशा. चौथीची कड फाटली. त्या कॅमेरा विसरल्या, बोट पाण्यात बुडवलं, चीर सांधली आणि ओला हात तसाच पदराला पुसला. गोष्टीत त्या घर सोडायच्या आधीची शेवटची भाकरी करतायत. तो पदराला पुसलेला हात मी कुठल्या यंत्राकडे मागितला असता? मागायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मोबाइलवर काकूंना तो शॉट दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आरं, तीन चांगल्या केल्या हुत्या की रं. ही फाटकीच घेतलीस व्हय?"