पांढरा दिसतो म्हणून मजबूत?

"रक्त तुटलं की हाड मरतं, हे तुमचं म्हणणं पटत नाही. माझ्या भावाचं मनगटातलं स्कॅफॉइड मोडलं, दोन महिने प्लास्टरमध्ये आहे. एक्स-रेमध्ये कोपराकडचा तुकडा बाकीच्या हाडांपेक्षा चांगला पांढरा दिसतोय. तरी डॉक्टर एमआरआय करा म्हणतात. उगाच लोकांना घाबरवू नका."

तो पांढरेपणाच डॉक्टरांना खटकला असणार. हात दोन महिने बांधून ठेवला की मनगटातली जिवंत हाडं वापराअभावी कॅल्शियम गमावतात आणि एक्स-रेमध्ये काळपट दिसू लागतात. पण हे कॅल्शियम काढून नेतात त्या पेशी, आणि त्यांना रक्त लागतं. जिथे रक्तच पोचत नाही तो तुकडा होता तसाच राहतो. भोवतालची हाडं काळपट पडली, म्हणून तो उठून दिसतो.

मनगटात रक्तवाहिन्यांची कमी नाही, अडचण आत शिरण्याची आहे. स्कॅफॉइड जवळपास सगळीकडून कूर्चेने मढलेलं असतं आणि कूर्चेतून रक्तवाहिनी आत जात नाही. रेडियल धमनीची मुख्य फांदी हाताच्या मागच्या बाजूने, हाडाच्या कमरेपाशी, म्हणजे मधल्या अरुंद भागापाशी, आत शिरते आणि तिथून उलटी कोपराच्या दिशेने जाते. हाडाचा ७० ते ८० टक्के भाग तिच्यावरच जगतो. कोपराकडच्या टोकाला स्वतःची वेगळी वाट जवळजवळ नाहीच. त्यामुळे कमरेवर मोडलं तर धोका, आणि त्या टोकाजवळ मोडलं तर त्याहून जास्त. अंगठ्याकडच्या टोकाला तळहाताच्या बाजूने वेगळी फांदी मिळते. तिथलं फ्रॅक्चर सहसा मुकाट्याने जुळतं.

घोट्यातल्या टेलसमध्ये हाच हिशोब उलट्या बाजूने वाचतात. त्याची मान मोडल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी वरच्या घुमटाच्या कूर्चेखाली एक काळपट रेघ दिसली, तर ऑर्थोपेडिकवाले खूश होतात: कॅल्शियम निघून जातंय, म्हणजे रक्त येतंय. सर्जन हॉकिन्स यांनी १९७० मध्ये वर्णन केलेली ही खूण. रेघ नाही दिसली म्हणून हाड मेलंच, असं मात्र नाही.

खुब्याचं प्रकरण जास्त फसवं. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या फाटतात. फ्रॅक्चर नीट जुळतं, माणूस चालायला लागतो आणि डोकं खचतं कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी.

भावाचा तुकडा मेलाच आहे, असं मी म्हणत नाही. नुसत्या पांढरेपणावर निदान पक्कं होत नाही, म्हणूनच एमआरआय. मेलेलं हाडही काही काळ भार पेलतं, त्यामुळे दुखत नाही यावर विसंबू नका. ऑपरेशनची वेळ आलीच, तर सर्जन रक्त रोखण्यासाठी दंडावर बांधलेला पट्टा सैल करून त्या तुकड्याच्या कापलेल्या पृष्ठभागाकडे बघत थांबतात. बारीक लाल ठिपके उमटले तर साधा कलम, म्हणजे रक्तवाहिनीविना आणलेला हाडाचा तुकडा, पुरेसा ठरू शकतो. कोरडंच राहिलं तर बरेच सर्जन रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा आणून बसवण्याचा विचार करतात.