नाबाद विसरा, ओव्हर्सची बेरीज करा? क्लबचे आकडे असे निघत नाहीत

सीझन संपत आला की क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज फिरतो:

«ॲव्हरेज काढायला स्कोअरर लागत नाही. नॉटआउट सोडून द्या, धावा भागिले डाव करा, नाहीतर शेपटाचं ॲव्हरेज फुगतं. प्रत्येक मॅचचा स्ट्राइक रेट काढून त्यांची सरासरी घ्या. ओव्हर्सची बेरीज एक्सेल करतं. इकॉनॉमी सगळ्यात कमी तो बेस्ट बोलर.»

चारही मुद्दे घेऊ. सर्वात महाग पडतो तो तिसरा, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

नाबाद सोडून देणं. फलंदाजीची सरासरी म्हणजे दर डावाला किती धावा, असा हिशोब नाहीच. एक विकेट गमावण्याआधी किती धावा केल्या, हा तो हिशोब आहे, म्हणून भागाकार 'बाद' संख्येने होतो. गोलंदाजाची सरासरीसुद्धा धावा भागिले विकेटच असते, दोन्ही एकाच मापाची. सर डॉन ब्रॅडमन यांच्या कसोटीत 80 डावांत 6996 धावा, 10 वेळा नाबाद, म्हणून 70 ने भागून 99.94. मेसेजच्या रीतीने त्यांची सरासरी 87.45 वर येते. सातव्या नंबरचा फलंदाज शेवटच्या ओव्हरमध्ये येऊन 3 चेंडूंत 7 नाबाद करतो तेव्हा त्याचा डाव गोलंदाजाने संपवलेला नसतो, ओव्हर्स संपलेल्या असतात. त्या डावाची शिक्षा त्याला का?

तक्रारीत तथ्य आहे, पण ते वेगळ्या जागी. 1953 च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा अकराव्या नंबरचा बिल जॉन्स्टन 17 डावांत एकदाच बाद झाला आणि 102 धावांवर त्याची सरासरी 102 निघाली. सूत्र चुकलं नव्हतं. एकाच 'बाद'वर काढलेल्या सरासरीला वजन नसतं, एवढंच. म्हणून सूत्र मोडायचं नाही, पात्रता ठेवायची: बक्षिसासाठी किमान अमुक वेळा बाद किंवा किमान अमुक धावा. आकडा सीझन सुरू होण्याआधी ठरवा, नावं दिसायला लागल्यावर नव्हे.

मैत्रीच्या सामन्यांत 30 झाल्यावर 'रिटायर' करतात, त्याचंही ठरवून टाका. दुखापतीने किंवा आजारपणाने गेला आणि परत आला नाही तर नियमाप्रमाणे नाबाद. इतरांना संधी म्हणून गेला आणि परतला नाही तर 'रिटायर्ड आउट', आणि ते सरासरीत बाद धरलं जातं. विकेट मात्र कुणाच्याच खात्यात जात नाही.

स्ट्राइक रेटची सरासरी. एका खेळाडूच्या तीन मॅच घ्या: 1 चेंडूत 4, 25 चेंडूंत 20, 40 चेंडूंत 36. स्ट्राइक रेट अनुक्रमे 400, 80 आणि 90. यांची सरासरी 190 येते, म्हणजे कागदावर तुफान. प्रत्यक्षात त्याने 66 चेंडूंत 60 केल्या, स्ट्राइक रेट 90.9. एका चौकाराने दोन संथ डाव झाकले. आधी सगळ्या धावांची बेरीज, सगळ्या चेंडूंची बेरीज, आणि शेवटी एकदाच भागाकार.

याहून बारीक खोच अशी, की क्लबच्या यादीत निम्म्या मॅचमध्ये चेंडूंचा रकाना रिकामाच असतो. वरच्याच खेळाडूच्या चौथ्या मॅचमध्ये 45 धावा आहेत, चेंडू नाहीत. त्या धावा बेरजेत घेतल्या तर 66 चेंडूंत 105, स्ट्राइक रेट 159! ज्या मॅचचे चेंडू नाहीत तिच्या धावाही स्ट्राइक रेटमध्ये घ्यायच्या नाहीत. सरासरीत मात्र त्या राहतात.

ओव्हर्सची बेरीज. 3.4 म्हणजे तीन ओव्हर आणि चार चेंडू. एक्सेलला ते माहीत नाही, त्याच्यासाठी तो दशांश अपूर्णांक आहे. एका गोलंदाजाचे चार स्पेल: 3.4 ओव्हरमध्ये 18, 2.5 मध्ये 20, 1.4 मध्ये 9, 4 मध्ये 26. एकूण 73 धावा. एक्सेल ओव्हर्सची बेरीज 11.3 देतं आणि इकॉनॉमी 6.46. आता चेंडू मोजा: 22, 17, 10 आणि 24, मिळून 73, म्हणजे 12.1 ओव्हर. 73 चेंडूंत 73 धावा, इकॉनॉमी बरोबर 6.

बेरीज 5.9 आली असती तर कुणीतरी 'नऊ चेंडू कसे?' विचारलं असतं. 11.3 दिसायला अगदी सरळ दिसतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं पकडली जात नाही. उपाय एका रकान्याचा आहे. ओव्हर B मध्ये असतील तर शेजारी चेंडू काढा:

```
=INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0)
```

बेरीज या रकान्याची करायची. इकॉनॉमी म्हणजे धावा गुणिले 6 भागिले चेंडू.

चेंडू आणि धावा कुणाच्या खात्यात जातात हेही पक्कं हवं. वाइड आणि नो बॉलच्या धावा गोलंदाजावर, बाय आणि लेग बायच्या नाहीत. वाइड फलंदाजाने खेळलेला चेंडू धरत नाहीत, नो बॉल धरतात. गोलंदाजाच्या ओव्हरमध्ये मात्र दोन्ही मोजत नाहीत. यातूनच स्कोअरबुक तपासायची एक छान रीत मिळते: सगळ्या फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज ही गोलंदाजांचे वैध चेंडू अधिक नो बॉल एवढी यायला हवी. पूर्ण 20 ओव्हर आणि 3 नो बॉल असतील तर 123. आकडा 126 आला, तर बहुतेक कुणीतरी तीन वाइड फलंदाजाच्या नावावर टाकलेत.

कमी इकॉनॉमी म्हणजे बेस्ट बोलर. वरच्या गोलंदाजाने त्या 73 चेंडूंत 2 विकेट घेतल्या: सरासरी 36.5. दुसऱ्याने 84 चेंडूंत 98 धावा देऊन 8 विकेट घेतल्या: इकॉनॉमी 7, पण सरासरी 12.25 आणि दर साडेदहा चेंडूंना एक विकेट. नवा चेंडू किंवा शेवटच्या ओव्हर्स टाकणारा बहुधा हा दुसराच असतो. निव्वळ इकॉनॉमीवर बक्षीस दिलं तर कॅप्टनने मधल्या ओव्हर्समध्ये जपून वापरलेला माणूस जिंकतो.

शिवाय इकॉनॉमी खेळपट्टीबरोबर हलते. मुंबईत कांगा लीग 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या विकेटवर काढलेली इकॉनॉमी फेब्रुवारीच्या पाटा खेळपट्टीवरच्या इकॉनॉमीशेजारी ठेवून काही कळत नाही. तुलना करायचीच तर त्याच मॅचमधल्या बाकी गोलंदाजांशी करा.

आणि ज्याला एकही विकेट मिळाली नाही त्याच्या सरासरीच्या रकान्यात शून्य टाकू नका, रेघ टाका. शून्य टाकून यादी लहानाकडून मोठ्याकडे लावली, की वर्षभरात एकही गडी बाद न करणारा पहिल्या नंबरवर येतो.