मॉरिसन पाऊच स्वच्छ दिसला, म्हणजे पोट स्वच्छ?

"फास्ट करताना लिव्हर आणि किडनीच्या मधे बघा. काळी पट्टी दिसली तर रक्त, नाही दिसली तर पोट क्लिअर. तिथे काही नसेल तर बाकीच्या व्ह्यूंमध्ये वेळ घालवू नका."

फास्ट, म्हणजे अपघातातल्या पेशंटच्या पोटात मोकळा द्रव शोधणारा झटपट अल्ट्रासाउंड, शिकताना दिला जाणारा हा सल्ला तीन वाक्यांचा आहे, आणि तिन्ही तपासून बघू. पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण शिकताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. उताणा झोपलेल्या पेशंटच्या वरच्या पोटात मॉरिसन पाऊच, म्हणजे लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधली फट, ही सगळ्यात खोलगट जागा आहे, हे खरं. पण द्रव थोडा असेल तेव्हा तो त्या जागेच्या मधोमध दिसेलच असं नाही. लिव्हरचं खालचं, पायांकडचं टोक उजव्या पॅराकोलिक गटरच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या कडेने वर-खाली जाणाऱ्या खाचेच्या, वरच्या तोंडाशी असतं. ओटीपोटातून वर चढणारा द्रव याच वाटेने येतो, आणि वरून उतरणाराही इथूनच खाली जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उजव्या वरच्या व्ह्यूचे तुकडे पाडून कुठे काय दिसतं ते पाहिलं होतं. त्या व्ह्यूमध्ये पॉझिटिव्ह निघालेल्या दहातल्या नऊंहून जास्त पेशंटमध्ये द्रव लिव्हरच्या टोकाजवळ दिसला.

आता नवशिक्याचा हात कसा चालतो ते बघा. प्रोब मिडॲक्सिलरी रेषेवर, म्हणजे काखेच्या मधून खाली येणाऱ्या रेषेवर, आणि प्रोबवरची खूण, मार्कर, डोक्याकडे. स्क्रीनवर लिव्हर येतं, किडनीचा वरचा भाग येतो, मधली पांढरी रेष छान दिसते, आणि इमेज फ्रीझ होते. पुस्तकातल्या चित्राशी ती जुळते, म्हणून समाधान वाटतं. पण लिव्हरचं टोक अजून फ्रेमच्या बाहेरच आहे. प्रोब एक-दोन बरगड्या पायांकडे सरकवा. किडनीचा खालचा पोल आणि लिव्हरची निमुळती कड एका चित्रात येईपर्यंत थांबू नका. मग प्रोब जागेवरच ठेवून पुढून मागे झुकवत न्या, दोन्ही बाजूंना किडनी दिसेनाशी होईपर्यंत. बरगडीची सावली आड आली तर प्रोब थोडा फिरवून बरगड्यांच्या मधल्या जागेला समांतर करा. शुद्धीवर असलेल्या पेशंटला खोल श्वास घेऊन रोखायला सांगितलं तर लिव्हर खाली येतं आणि काम सोपं होतं.

एक केस घेऊ. तिशीच्या आतला दुचाकीस्वार, डाव्या कुशीवर पडलेला. नाडी ११८, बीपी १०४/७०, डाव्या खालच्या बरगड्यांवर दुखतंय. पहिल्या फ्रेममध्ये लिव्हर आणि किडनीची मधली रेष अगदी स्वच्छ. वरच्या दाव्याप्रमाणे स्कॅन इथे संपतो. प्रोब खाली सरकवल्यावर मात्र लिव्हरच्या टोकाशी एक छोटा काळा त्रिकोण दिसतो. त्याला भिंत नाही, आणि त्याची टोकं अवयवांच्या फटीत शिरलेली आहेत. डावीकडे स्प्लीन आणि किडनीच्या मधे काहीच नाही, पण स्प्लीनच्या वर, डायफ्रामच्या खाली, चंद्रकोरीसारखी बारीक काळी कड आहे. मार डावीकडे, मग द्रव उजवीकडे कसा? डावीकडे डायफ्राम आणि मोठ्या आतड्याला जोडणारं फ्रेनिकोकोलिक लिगामेंट डाव्या पॅराकोलिक गटरची वाट अडवतं. त्यामुळे स्प्लीनचं रक्त आधी डायफ्रामखाली साठतं आणि मग उजवीकडे ओसंडतं. बीपी टिकून असल्याने पेशंट सीटीला जातो आणि स्प्लीन फाटल्याचं कळतं. डाव्या व्ह्यूमध्ये फक्त किडनीभोवती शोधणारा ही कड चुकवतो. तिथे प्रोब बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वर आणि जास्त मागे न्यावा लागतो. काखेच्या मागच्या कडेवरून उतरणाऱ्या पोस्टिरियर ॲक्सिलरी रेषेपर्यंत, हाताची बोटं जवळपास स्ट्रेचरला टेकेपर्यंत.

दुसरं वाक्य दोन्ही बाजूंनी फसतं. प्रत्येक काळी जागा म्हणजे रक्त नव्हे. पित्ताशय काळंच दिसतं, पण त्याला भिंत असते, आकार गोलसर असतो आणि प्रोब झुकवत गेलं की ते बंद पिशवी आहे हे कळतं. द्रवाने भरलेलं आतडं हलताना दिसतं. सगळ्यात जास्त फसवते ती किडनीभोवतीची चरबी. तीही लिव्हर आणि किडनीच्या मधेच पट्टीसारखी असते. नीट पाहिलं तर ती पूर्ण काळी नसते, आत बारीक करडे ठिपके असतात, आणि श्वासाबरोबर ती किडनीसोबत सरकते. शंका असेल तर दुसऱ्या किडनीभोवती बघा. तिथेही तशीच आणि तेवढीच जाड पट्टी असेल तर ती बहुधा चरबीच. शिवाय मोकळा द्रव खरोखर असला तरी तो रक्त, जलोदर की फुटलेल्या मूत्राशयातली लघवी, हे अल्ट्रासाउंड सांगत नाही. ते ठरवायला मार कसा लागला आणि पेशंटची अवस्था काय, हेच पाहावं लागतं.

उलट बाजू जास्त घातक आहे, कारण रक्त नेहमी काळं नसतं. गोठलेलं रक्त करडं दिसतं, कधीकधी लिव्हरच्याच पोताचं. लिव्हर आणि किडनीच्या मधली पांढरी रेष हरवली असेल आणि तिथे लिव्हरसारखंच पण श्वासाबरोबर लिव्हरपेक्षा वेगळं हलणारं काही असेल, तर "काळं नाही" म्हणून पुढे जाऊ नका. अपघात होऊन बराच वेळ झालेल्या पेशंटमध्ये हे मुद्दाम शोधा.

आणि काहीच दिसलं नाही तर? १९९५ च्या एका अभ्यासात पेरिटोनियल लॅव्हाजचा, म्हणजे पोटाची पोकळी धुऊन तपासण्याचा, द्रव पोटात हळूहळू सोडत असताना डॉक्टर मॉरिसन पाऊचकडे पाहत बसले होते. द्रव दिसायला लागला तेव्हा आत सरासरी सुमारे ६०० मिली गेलेला होता. ४०० मिलीच्या आत तो ओळखू शकणारे दहात एक. म्हणजे अपघातानंतर काही मिनिटांतच आलेल्या पेशंटमध्ये रक्तस्राव चालू असूनही ही जागा कोरडी दिसू शकते. पेरिटोनियमच्या, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराच्या, मागे होणारा रक्तस्राव तर या व्ह्यूंमध्ये येतच नाही. पेल्व्हिस फ्रॅक्चर असलेला पेशंट लिटरभर रक्त गमावून बसतो आणि फास्ट निगेटिव्ह राहतो. आतड्याची इजा किंवा फारसं रक्त न सांडलेली लिव्हरची जखमही निसटते.

म्हणून तिसरा सल्ला सरळ टाकून द्या. पूर्ण पोटाचा विचार केला तर उताण्या पेशंटमध्ये सगळ्यात खोल जागा ओटीपोटात आहे. मूत्राशय भरलेलं असताना तिथलं चित्र उत्तम येतं, म्हणून तो व्ह्यू कॅथेटर घालण्याआधी घ्या. भरलेल्या मूत्राशयामागचा भाग जास्त उजळ दिसतो आणि थोडा द्रव त्या उजेडात बुडतो, त्यामुळे गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी करून पुन्हा बघा. आडवं आणि उभं, दोन्ही प्रकारे.

नाडी चढत असेल, पोट दुखायला लागलं असेल, किंवा पहिला स्कॅन अगदी लवकर झाला असेल, तर तोच स्कॅन पुन्हा करा, आणि करता येत असेल तर डोक्याकडची बाजू थोडी खाली करून. पाच अंशांचा उतारसुद्धा उजव्या वरच्या व्ह्यूत कमी द्रव ओळखायला मदत करतो. नोंद करताना नुसतं "फास्ट निगेटिव्ह" लिहू नका. किती वाजता केला, लिव्हरचं टोक दिसलं का, स्प्लीनच्या वरची जागा दिसली का, मूत्राशय भरलेलं होतं का, हे लिहा. जी जागा दिसलीच नाही तिच्यापुढे "दिसली नाही" असं लिहा. तासाभराने प्रोब हातात घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करायची आहे.