बहिणीची डोकेदुखी आणि इंडोमेथॅसिनची अर्धवट चाचणी

वाचकाची प्रतिक्रिया: "डॉक्टर, तुमचा लेख पटला नाही. माझ्या बहिणीचं डोकं दोन वर्षं फक्त उजवीकडे दुखतंय, मायग्रेन सांगितलंय. तुम्ही लिहिता की इंडोमेथॅसिनने निदान होतं. तिने ती गोळी २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आठवडाभर घेतली. थोडं बरं वाटलं, पण दुखणं आहेच. म्हणजे तुमची कसोटी फोल. वर प्रत्येक डोकेदुखीला न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय! साध्या जुन्या वेदनाशामकासाठी लोकांना एवढं का घाबरवता?"

नमस्कार,

बहिणीसाठी तुम्ही एवढ्या तळमळीने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. सगळ्यात आधी एक विनंती: हे वाचून तिचा डोस घरच्या घरी वाढवू नका. कारण पुढे येईलच.

तिने घेतलेला डोस होतो दिवसाला ५० मिलिग्रॅम. माझा लेख होता हेमिक्रेनिया कंटिन्युआवर, म्हणजे सतत एकाच बाजूला दुखणाऱ्या आणि इंडोमेथॅसिनने पूर्ण थांबणाऱ्या डोकेदुखीवर. तिच्या आंतरराष्ट्रीय निकषांत प्रौढांसाठी तोंडाने घ्यायचा डोस सुरुवातीला किमान १५० मिलिग्रॅम आणि गरज पडल्यास २२५ पर्यंत धरला आहे. तिथवर एका दिवसात उडी मारत नाहीत. साधारणपणे २५ मिलिग्रॅम तीनदा, काही दिवसांनी ५० तीनदा आणि तरीही दुखत असेल तर ७५ तीनदा, असं चढत जातात. त्यामुळे तिच्या त्या आठवड्यावरून 'आहे' असंही म्हणता येत नाही आणि 'नाही' असंही. ती चाचणी झालीच नाही.

दुसरं म्हणजे 'थोडं बरं वाटलं' हे उत्तर आपल्याला नकोच असतं. थोडा उतार कुठल्याही वेदनाशामकाने मायग्रेनमध्येही पडतो. इथे अपेक्षा असते ती दुखणं पूर्ण थांबण्याची, आणि योग्य डोस गाठला की बहुतेकांना ते एक-दोन दिवसांत जाणवतं. गोळी बंद केली की दुखणं परत येतं, हाही त्याच उत्तराचा भाग.

हे दुखणं कसं दिसतं ते एका काल्पनिक रुग्णावरून सांगते. बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. चौदा महिने तिचं डोकं डावीकडेच दुखतंय, बाजू एकदाही बदललेली नाही. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं कायम मागे असतंच. आठवड्यातून दोन-तीनदा ते आठपर्यंत चढतं आणि काही तास तसंच राहतं. तेव्हा डावा डोळा लाल होतो, पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं. प्रकाश सहन होत नाही आणि मळमळतं, म्हणून मायग्रेन ठरलं. नाक चोंदतं म्हणून सायनसची प्रतिजैविकं झाली. दुखणं गालापर्यंत उतरतं म्हणून एका दाताचं रूट कॅनालही झालं. ट्रिप्टान या मायग्रेनच्या औषधाने काही फरक पडला नाही.

तिला विचारायचा नेमका प्रश्न हा: गेल्या तीन महिन्यांत ती बाजू पूर्ण मोकळी होती, असा एक तास तरी आठवतो का? मायग्रेनच्या रुग्णाला बहुधा असे मोकळे दिवस आठवतात, आणि बऱ्याचदा बाजूही बदलते. या बाईचं उत्तर 'नाही' आहे. लोक चढलेल्या दुखण्याचं वर्णन करतात आणि मागचं मंद दुखणं सांगायचंच राहून जातं, कारण त्याची सवय झालेली असते. निदान हुकतं ते बहुतेकदा इथे. (एक अपवाद ध्यानात असू द्या: काहींमध्ये हे दुखणं मधे एखादा दिवस किंवा त्याहून जास्त काळ थांबतं. पण बाजू सहसा तीच राहते.)

मेंदूचा आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय व्यवस्थित आल्यावर तिला इंडोमेथॅसिन सुरू होतं. ७५ मिलिग्रॅमवर किंचित उतार पडतो, आणि १५० वर दुसऱ्या दिवशी मागचं दुखणंही थांबतं. काही आठवडे तो डोस टिकवून मग हळूहळू उतरवतात, आणि शेवटी ती २५ तीनदा एवढ्यावर ठीक राहते.

आता न्यूरॉलॉजिस्ट कशासाठी? इंडोमेथॅसिन जुनी आहे, पण साधी नाही. एवढ्या डोसला जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. म्हणून सोबत जठराचं आम्ल कमी करणारी गोळी देतात आणि रक्तदाब व मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहतात. पूर्वी अल्सर झालेला असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, ॲस्पिरिनने दमा उठत असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा लिथियम चालू असेल, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर ही वाट बंद असते किंवा फार जपून चालावी लागते. शिवाय काहींना या औषधानेच चक्कर येते आणि डोकं दुखतं. मग औषध लागू पडलं नाही की औषधानेच दुखतंय, हे ओळखायला अनुभव लागतो.

एमआरआयबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तपासणीत काही वावगं नसलेल्या, येऊन-जाऊन असणाऱ्या नेहमीच्या मायग्रेनला एमआरआय लागत नाही, आणि तो सरसकट करायला सांगणं मलाही पटत नाही. पण सतत एकाच बाजूला दुखणं हे वेगळं आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या अस्तराला चीर गेली तर त्याच बाजूचं डोकं व मान दुखते, पापणी खाली येते, बाहुली लहान होते. पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळेही असं दुखू शकतं. महत्त्वाचं म्हणजे अशा मुळातल्या आजाराचं दुखणंही कधीकधी इंडोमेथॅसिनने थांबतं. म्हणजे गोळी उत्तम लागू पडली तरी आत काही नाही, हे सिद्ध होत नाही. घरी गोळी घेऊन बरं वाटणाऱ्याला धोका असतो तो इथेच.

या गोळीला प्रतिसाद देणारी दुसरी मुख्य डोकेदुखी म्हणजे पॅरोक्सिस्मल हेमिक्रेनिया. तिचे झटके २ ते ३० मिनिटांचे आणि दिवसात बहुधा पाचाहून अधिक असतात. क्लस्टर या आणखी एका एकतर्फी डोकेदुखीचे झटके १५ ते १८० मिनिटांचे आणि दिवसाला जास्तीत जास्त आठ. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, पण क्लस्टरमध्ये इंडोमेथॅसिनचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून झटके घड्याळ लावून मोजलेले बरे. खोकल्याने किंवा व्यायामाने उठणारी आणि टोचणाऱ्या कळांची डोकेदुखीही या औषधाने बऱ्याचदा आटोक्यात येते. पण खोकल्याने उठणाऱ्या डोकेदुखीत कवटीच्या मागच्या भागाचा एमआरआय आधी हवाच.

बहिणीला डोकेदुखी पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना दोन-तीन आठवड्यांची नोंद सोबत द्या: मागचं दुखणं किती, चढलेलं किती वेळ, डोळा-नाक-पापणी यांत काय दिसलं. चढलेल्या वेळी चेहऱ्याचा फोटो काढलात तर फार उपयोगी पडेल. महिन्यातले किती दिवस वेदनाशामक घेतलं तेही लिहा. साधी वेदनाशामकं १५ दिवस किंवा ट्रिप्टान १० दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर औषधांच्या अतिवापराचीही डोकेदुखी जडू शकते आणि चित्र गढूळ होतं.

भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं ते यांसाठी: अचानक सुरू झालेलं मान-डोक्याचं दुखणं आणि एक पापणी लोंबणं, हातापायात कमजोरी, दृष्टी अंधूक होणं, डोळा लाल होऊन दुखत असताना दिव्यांभोवती वलयं दिसणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने उठलेल्या दुखण्यासोबत चावताना जबडा दुखणं. या शेवटच्या प्रकारात कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते आणि उपचार लांबले तर नजर कायमची जाते. तिथे सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्या तातडीने बघतात, आणि शंका दाट असेल तर अहवालासाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करतात.