‘यामुळे’ म्हणा आणि निर्धास्त राहा

आपल्या तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या संस्थेने हंगामाचा अहवाल लिहिण्याचे काम आपल्या गळ्यात घातले असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: वाक्याच्या आरंभी नाम येऊ देऊ नये. नाम लिहिले की लेखक अडकतो, कारण कशामुळे काय झाले हे मग कोणीही तपासू शकतो. ‘यामुळे’, ‘हे’ आणि ‘ज्यामुळे’ हे तीन शब्द हाताशी असले, की सबंध कारणमीमांसा लिहूनही कशाचेच कारण न सांगण्याची सोय होते.

नमुन्यादाखल हा परिच्छेद जसाच्या तसा वापरावा: ‘यंदा थंडी फेब्रुवारीपर्यंत लांबली आणि कैरी धरलेल्या हापूसच्या झाडांना पुन्हा मोहोर आला. यामुळे गळ झाली. हे वेळीच रोखता आले असते. ज्यामुळे पुढील वर्षी फवारणीचे वेळापत्रक बदलावे.’

या परिच्छेदाची किमया अशी की तो वाचून प्रत्येक बागायतदार समाधानाने मान डोलावतो आणि प्रत्येकाला निराळेच समजलेले असते. ‘यामुळे’ म्हणजे थंडीमुळे, असे जो वाचेल तो हताश होऊन घरी जाईल, कारण थंडीला आवर घालणे कोणाच्या हाती नाही. ‘यामुळे’ म्हणजे नव्या मोहोरामुळे, असे वाचणारा पुनर्मोहोराच्या बंदोबस्ताला लागेल. तिसरा पुढच्या वाक्यातील ‘हे’ थेट गळीला जोडील आणि गळ थांबवणाऱ्या औषधाची चौकशी करील. एका परिच्छेदात तीन शेतकऱ्यांना तीन सल्ले देऊन एकाचीही जबाबदारी न घेणे ही लहानसहान कामगिरी नव्हे.

अडाणी लेखक येथे काय करील, तेही सांगून ठेवतो, म्हणजे आपल्याला ते टाळता येईल. तो लिहील: ‘लांबलेल्या थंडीमुळे झाडांना पुन्हा मोहोर आला. झाडातील अन्नरस या नव्या मोहोराकडे वळला आणि अन्न कमी पडल्यामुळे आधी धरलेल्या कैऱ्या गळल्या. हा पुनर्मोहोर रोखण्यासाठी पहिला मोहोर झाडावर असतानाच जिबरेलिक आम्लाची ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, या प्रमाणात फवारणी करावी.’ पाहा, काय अनर्थ झाला! अन्नरसाची मधली कडी, जी आपल्या ‘यामुळे’खाली सुखाने झाकली गेली होती, ती उघड्यावर आली. ‘या नव्या मोहोरा’शी कैरीच्या गळीचा संबंध काय, हा प्रश्न नाम लिहिताक्षणी त्याच्यासमोर उभा राहिला आणि बिचाऱ्याला त्याचे उत्तर शोधावे लागले. शिवाय, गळ सुरू झाल्यावर ही फवारणी करून उपयोग नाही, हेही वाचकाला कळून चुकले.

मराठीने या कामात एक अडसर घालून ठेवलेला आहे, तो म्हणजे लिंगभेद. थंडी ‘ती’, मोहोर ‘तो’, फळ ‘ते’. ‘तिच्यामुळे गळ झाली’ असे लिहिले तर मोहोर आपोआप सुटतो आणि बोट थेट थंडीकडे जाते. म्हणून ‘तिच्यामुळे’ वर्ज्य समजावे. ‘यामुळे’ आणि ‘त्यामुळे’ यांना मात्र अख्खे वाक्यही पुरते आणि त्यातील कोणतेही एक नामही, त्यामुळे लिंगाची साक्ष तेथे चालत नाही. (या शेवटच्या वाक्यात ‘त्यामुळे’ कशाकडे वळते ते लगेच कळते, कारण कारण होण्यासारखी एकच गोष्ट मागे आहे. अशी स्पष्टता चुकून झाली, तर मध्ये तुडतुड्यांविषयी एखादे वाक्य घुसवावे.)

‘ज्यामुळे’चे तंत्र थोडे कठीण आहे. मराठीत ‘जो’ आला की पाठोपाठ ‘तो’ यावा लागतो: ज्या झाडांना पुन्हा मोहोर आला, त्या झाडांची कैरी गळली. ही जोडी जमली की गळ कोणत्या झाडांची, याबद्दल शंकाच उरत नाही. तेव्हा आधी पूर्णविराम द्यावा, मग नव्या वाक्यात ‘ज्यामुळे’ एकट्यालाच उभे करावे. आपल्या नमुन्यात वेळापत्रक गळीमुळे बदलायचे, मोहोरामुळे बदलायचे, की रोखता आले असते या हळहळीमुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अहवाल छापायला देण्यापूर्वी प्रत्येक ‘यामुळे’च्या जागी मागच्या वाक्यातील एकेक नाम घालून पाहावे. दोन नामे बसत असतील तर वाक्य उत्तम आहे, तसेच ठेवावे. एकच बसत असेल तर वर सांगितलेले तुडतुडे उपयोगी पडतील. एकही बसत नसेल, तर तो परिच्छेद अध्यक्षांच्या मनोगतात हलवावा.

वार्षिक सभेत एखादा खवट म्हातारा उठून ‘यामुळे म्हणजे नेमके कशामुळे हो?’ असे विचारीलच. त्याला नम्रपणे सांगावे, ‘काका, ते वर आलेलेच आहे,’ आणि चहा मागवावा.