सारांशातला आकडा अस्सलात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा

सध्या आमच्याकडे भूसंपादनाची नोटीस आली की ती आधी वकिलाकडे येत नाही, पोराच्या मोबाईलमध्ये जाते. पोरगं फोटो काढतं, एआयकडून मराठीत सारांश करून घेतं आणि गावच्या ग्रुपवर टाकतं. दुसऱ्या दिवशी दहा-बारा खातेदार तोच सारांश छापून घेऊन माझ्या टेबलापुढे बसलेले असतात. सारांश करून घेण्याला माझा विरोध नाही. नऊ पानी निवाडा वाचायला शेतकऱ्याला सवड नसते, आणि त्यातली सरकारी मराठी समजायला जडच असते. पण त्या सारांशातलं प्रत्येक कलम, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव अस्सल कागदाशी रुजू करून पाहिल्याशिवाय त्यावर पाऊल उचलू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि रुजू करून पाहणं म्हणजे नुसती नजर फिरवणं नव्हे. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका खातेदाराचा कागद इथे उलगडून सांगते. गट नंबर आणि नावं अर्थातच देत नाही.

कागद होता २०१३च्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा आणि त्यासोबतची नोटीस. सारांश पाऊण पानाचा, भाषा इतकी स्वच्छ की वाचून बरं वाटावं. त्यात लिहिलं होतं: "मोबदला मान्य नसल्यास कलम १८ नुसार ६० दिवसांत जिल्हा न्यायालयात अर्ज करता येईल. मोबदल्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळेल." काका म्हणाले, "ताई, पोरानं सांगितलं अजून लई दिवस हायेत, सोयाबीन निघू द्या मग बघू."

या दोन वाक्यांत तपासण्यासारख्या चार गोष्टी आहेत आणि चारही चुकीच्या निघाल्या. पण प्रत्येक चूक वेगळ्या वाटेने आलेली आहे, आणि ती वाट कळली की पुढच्या कागदात ती कुठे शोधायची हेही कळतं.

आधी कलम १८. मूळ कागदात हे कलम कुठेच नव्हतं. नोटिशीत कलम ६४ लिहिलं होतं. मग १८ आलं कुठून? १८९४च्या जुन्या कायद्यात वाढीव मोबदल्याचा अर्ज कलम १८ खाली व्हायचा. आपल्याकडे लोअर दुधनासारख्या प्रकल्पांतल्या जमिनींची प्रकरणं त्याच कलमाखाली वर्षानुवर्षं चालली, निकालपत्रं त्या आकड्याने भरलेली आहेत. जुना कायदा १ जानेवारी २०१४ पासून संपला, पण छापील मजकूर संपत नाही. सारांश करणाऱ्या यंत्राने असं सगळं वाचलेलं असतं, आणि समोरच्या कागदातली जागा ते ओळखीच्या आकड्याने भरतं. नव्या कायद्यात कलम १८ आहेच, पण ते पुनर्वसन योजना जाहीर करण्याबद्दल आहे. म्हणजे मोबदल्याच्या अर्जाशी त्या कलमाचा संबंधच नाही.

"जिल्हा न्यायालय" हेही बहुधा त्याच जुन्या वाटेने आलेलं. नोटिशीत स्पष्ट होतं की लेखी अर्ज भूसंपादन अधिकाऱ्याकडे द्यायचा, तो पुढे प्राधिकरणाकडे पाठवतो. सारांश वाचून माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहिला असता.

मला सगळ्यात धोकादायक वाटतात ते ६० दिवस. कारण हा आकडा मूळ कागदात होता! निवाड्याच्या दुसऱ्या पानावर पूर्वइतिहास सांगताना लिहिलं होतं की प्रारंभिक अधिसूचनेनंतर कलम १५ नुसार ६० दिवसांत हरकती मागवल्या आणि त्या निकाली काढल्या. हरकतींचे ते ६० दिवस कधीच उलटून गेले होते. मोबदल्याच्या अर्जाची मुदत आठव्या पानावर होती आणि ती अक्षरात होती: निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांसाठी निवाड्याच्या तारखेपासून "सहा आठवड्यांच्या आत". काका त्या दिवशी हजर होते, सही होती. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. ग्रुपवरच्या हिशेबाने थांबले असते तर अठरा दिवस उशीर झाला असता. उशीर माफ करायची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं, आणि "ग्रुपवर साठ लिहिलं होतं" हे कारण कोणापुढे मांडायचं?

म्हणून आकडा मूळ कागदात सापडला एवढ्यावर टीक करायची नाही. तो ज्या वाक्यात आहे ते पूर्ण वाक्य वाचायचं: कोणी, काय करायचं, कधीपासून मोजायचं. सारांशातलं वाक्य आणि ते वाक्य एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तरच टीक.

चौथी गोष्ट ३० टक्के. मूळ निवाड्यात वाक्य होतं, "कलम ३० अन्वये १०० टक्के दिलासा रक्कम". आता हे ३० त्या कलमाच्या आकड्यातून घसरलं, की जुन्या कायद्यात दिलासा रक्कम खरोखरच ३० टक्के होती तिथून आलं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्ही शक्य आहे. पण इथे चूक पकडायला मूळ कागदसुद्धा लागत नव्हता. सारांशातच पुढे क्षेत्र ४२ आर, दर आरला १८,००० आणि दिलासा रकमेसह एकूण १५,१२,००० लिहिलं होतं. गुणा: ४२ गुणिले १८,००० म्हणजे ७,५६,०००. त्यात ३० टक्के मिळवले तर ९,८२,८०० होतात. १५,१२,००० व्हायला १०० टक्केच मिळवावे लागतात. एकूण रक्कम तक्त्यातून जशीच्या तशी उचलली होती, टक्केवारी बाहेरून आली होती. सारांशातले आकडे आपसात जुळतात का हे कॅल्क्युलेटरवर आधी पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पण जुळले म्हणून खरे ठरत नाहीत हेही ध्यानात ठेवा. क्षेत्र आणि एकूण दोन्ही चुकीच्या ओळीतून उचलले असतील तरी गुणाकार जुळतोच.

आता हात कसा चालवायचा ते सांगते. तलाठी कार्यालयातून किंवा भूमी अभिलेखमधून नक्कल घेतली की खाली "तयार करणार" आणि "रुजवात घेणार" अशा दोन सह्या असतात ना, तसंच दोघांनी बसायचं. सारांश छापून घ्या आणि एका वाक्याची एक ओळ करा. प्रत्येक ओळीत कलम, आकडा, तारीख, नाव, हुद्दा यांच्याखाली रेघ मारा. अक्षरी आकडेही सोडू नका: "सहा आठवडे", "दुप्पट", "निम्मा हिस्सा". मग एकाने रेघ मारलेली गोष्ट वाचायची आणि दुसऱ्याने अस्सलात ती शोधून पान आणि परिच्छेद समासात लिहायचा. समास कोरा राहिला तर ती ओळ खोटी धरायची, मग ती वाचायला कितीही खरी वाटो. सारांशाने स्वतःहून पान क्रमांक दिले असतील तर तेही तपासा. पान क्रमांकही हवेतून येतात.

मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर शोधून काम भागवायचा मोह होतो. तिथे आपल्या मराठी कागदांची एक खास अडचण आहे. मूळ पीडीएफमध्ये "६४" असेल आणि तुम्ही 64 टाइप केलं तर अनेकदा काहीच सापडत नाही. कागद स्कॅन केलेला असेल तर तो नुसता फोटो असतो, त्यात अक्षरं नसतातच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतून वेगळीच अक्षरं असतात. म्हणून "सापडलं नाही" यावरून "कागदात नाही" असं ठरवू नका, डोळ्यांनी पाहा. पुसट झेरॉक्समध्ये १ आणि ९ यांची गल्लत होते ती वेगळीच. तिथे मूळ प्रत मागवणं हाच उपाय.

नावांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात भांडणं तिथून लागतात. मूळ तक्त्यात खातेदाराच्या रकान्यात एक नाव आणि पुढे "व इतर ३" एवढंच होतं. सारांशात झालं "व त्यांचे तीन भाऊ". कुठून आले तीन भाऊ? कागदात भाऊ हा शब्दच नव्हता. सातबारा काढून पाहिला तर त्या तिघांत एक बहीण होती आणि एक वारलेल्या भावाची बायको. आपल्याकडे बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढवतानाच किती ओढाताण होते हे मी नव्याने सांगायला नको, आणि इथे ते एका वाक्यात उडालं होतं. शिवाय खाली अधिकाऱ्याचं चक्क नाव छापलं होतं. मूळ नोटिशीत फक्त हुद्दा होता आणि "सही/-". ते नाव कोणाचं, देव जाणे.

आणखी एक बारीक प्रकार म्हणजे परस्पर केलेलं रूपांतर. सारांशात "४२ आर म्हणजे ४२ गुंठे" असं होतं. आपणही बोलताना असंच बोलतो, पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा त्याहून किंचित मोठा. अर्जात जे लिहायचं ते निवाड्यातलं एकक, आपलं नाही.

हे सगळं झाल्यावर उलट्या दिशेने एकदा जावं लागतं, अस्सलाकडून सारांशाकडे. रुजवातीत फक्त सारांशात जे आहे तेच तपासलं जातं, जे गळलं ते दिसत नाही. काकांच्या कागदात आम्ही असं उलटं वाचत गेलो तेव्हा शेवटच्या पानावर एक ओळ सापडली जिचा सारांशात मागमूस नव्हता: रक्कम अमान्य असल्यास ती हरकत राखून स्वीकारावी. कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे हरकत न नोंदवता रक्कम उचलली तर कलम ६४ खाली अर्जच करता येत नाही. त्याच गावातले काही जण पैसे घ्यायला निघाले होते. त्यांना फोन करून सांगितलं की पावतीवर सही करताना "हरकत राखून" असं स्वतःच्या हाताने लिहा, आणि त्या पावतीची झेरॉक्स घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.