प्रिन्स्टनचं शीत आणि आपल्या वर्गाचा भात

एक फॉरवर्ड फिरतो: «प्रिन्स्टन विद्यापीठात सिद्ध झालंय की लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांना विषय कमी समजतो, हाताने लिहिणाऱ्यांना जास्त. वेस्ट पॉइंटनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. विज्ञान सगळीकडे सारखंच असतं. मग आपल्या कॉलेजांनी वर्गात लॅपटॉप-टॅब बंद करायला कशाची वाट बघायची?»

«सिद्ध झालंय»

हा दावा ज्यावर उभा आहे तो म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा निबंध २०१४ सालचा. त्यातल्या पहिल्या प्रयोगात प्रिन्स्टनचे ६७ विद्यार्थी होते. पंधराएक मिनिटांचं टेड भाषण पाहायचं, काहींनी वहीत आणि काहींनी इंटरनेट तोडलेल्या लॅपटॉपवर टिपणं घ्यायची, मग अर्धा तास भलत्याच कामात गुंतायचं आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची. माहिती विचारणाऱ्या प्रश्नांत दोन्ही गट बरोबरीत होते. समज तपासणाऱ्या प्रश्नांत लॅपटॉपवाले मागे पडले. यातलं बरोबरीचं वाक्य फॉरवर्ड होता होता गळून जातं, हे जाता जाता.

कोणाला वही आणि कोणाला लॅपटॉप, हे प्रयोग करणाऱ्यांनी ठरवलं होतं, मुलांनी नव्हे. त्यामुळे हुशार मुलं आपणहून वही उचलतात म्हणून फरक दिसला, असं म्हणता येत नाही. याला आंतरिक वैधता म्हणतात. पण ही वाटणी झाली ती त्या खोलीत आलेल्यांमध्ये. ती ६७ मुलं काही जगभरच्या विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकून काढलेली नव्हती. खोलीतलं उत्तर खोलीबाहेर किती लागू पडतं हा बाह्य वैधतेचा प्रश्न, आणि तो आतली वाटणी कितीही चोख असली तरी सुटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच पातेल्यातल्या भाताची.

«वेस्ट पॉइंटनेही»

तिथे वेगळाच प्रयोग झाला. अमेरिकी लष्करी अकादमीतल्या अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गांत ७२६ विद्यार्थ्यांवर झालेला तो अभ्यास २०१७ साली छापून आला. काही तुकड्यांना लॅपटॉप-टॅब हवा तसा वापरायची मुभा, काहींना टॅब बाकावर सपाट ठेवूनच वापरायची अट, काहींना पूर्ण बंदी. मुभा असलेल्यांचे अंतिम परीक्षेतले गुण सुमारे ०.१८ प्रमाण विचलनाने कमी आले. म्हणजे मुलांच्या गुणांत एरवी जो चढउतार असतो, त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी.

प्रिन्स्टनमध्ये इंटरनेट बंद होतं, इथे चालू. तिथे टंकलेखनाचा परिणाम मोजला, इथे टंकलेखन, ईमेल, शेजाऱ्याच्या पडद्याकडे जाणारी नजर हे सगळं एकत्र मोजलं गेलं. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका दिशेला गेली म्हणून एकाने दुसऱ्यावर शिक्का मारला असं होत नाही. शिवाय वेस्ट पॉइंटचे वर्ग लहान आणि हजेरी सक्तीची. शंभर मुलांच्या वर्गात हा परिणाम याहून मोठा निघेल की लहान, ते त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मोठा निघणंही शक्य आहे. मी लॅपटॉपची वकिली करत नाहीये.

«सगळीकडे सारखंच»

माझा खरा आक्षेप इथे आहे. निष्कर्ष एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात नेताना «तिथे काय झालं» एवढं पुरत नाही, «कशामुळे झालं» ते विचारावं लागतं. म्युलर-ओपनहायमर यांचं स्पष्टीकरण साखळीसारखं आहे. टाइप करणारा भरभर लिहितो. भरभर लिहिता येतं म्हणून बोललेलं जसंच्या तसं उतरवतो. उतरवताना डोकं चालवावं लागत नाही. म्हणून समज कच्ची राहते. पहिल्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांनी सरासरी सुमारे ३१० शब्द लिहिले, वहीवाल्यांनी सुमारे १७३. भाषणाशी शब्दशः जुळणारा भागही लॅपटॉपवर जास्त होता.

आता ही साखळी आपल्या एखाद्या वर्गात आणून बघा. सर सावकाश सांगताहेत, «लिहून घ्या, पुढचा मुद्दा», आणि मुलं स्वल्पविरामासकट वहीत उतरवताहेत. इथे वहीच शब्दशः आहे. साखळीची दुसरी कडी दोन्ही गटांना सारखीच लागू पडते, मग फरक यायचा कुठून? किंवा मुलगी मराठी माध्यमातून आलेली, टॅबवर देवनागरी जोडाक्षरं शोधत टाइप करणारी. तिचा वेग वहीपेक्षा कमी असेल, तर पहिलीच कडी तुटते. निवडून लिहिण्याची सक्ती, जी प्रिन्स्टनमध्ये वहीने केली, ती इथे टॅब करील. परिणाम उलटाही होऊ शकतो. होईलच असं मी म्हणत नाही. एवढंच, की निष्कर्ष हाताला चिकटलेला नव्हता, वेगाला आणि शिकवण्याच्या पद्धतीला चिकटलेला होता.

मग तो प्रयोग खोटा होता का?

असं कोणी विचारेल म्हणून. टफ्ट्स विद्यापीठात १४२ विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग पुन्हा करून २०२१ साली निकाल छापला गेला. लॅपटॉपवाल्यांनी याही वेळी जास्त शब्द लिहिले, जास्त शब्दशः लिहिले. प्रश्नांच्या उत्तरांत मात्र त्यांच्या मागे पडण्याचा पुरावा मिळाला नाही. साखळीचा पहिला अर्धा भाग टिकला, शेवट टिकला नाही.

यावरून «बघा, कॉलेज बदललं की निकाल बदलतो» असं लगेच म्हणणंही घाईचंच. दोन्ही ठिकाणचे गट लहान. पहिल्या वेळचा फरक योगायोगाने फुगलेला असू शकतो, म्हणजे तो प्रिन्स्टनमध्येही पुन्हा दिसला नसता. ठिकाणाचा फरक कोणता आणि योगायोगाचा कोणता, हे एकच प्रयोग अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने केल्यावर कळतं. मानसशास्त्रात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या «मेनी लॅब्ज २» या प्रकल्पाने २८ जुने निष्कर्ष ३६ देश-प्रदेशांतल्या १२५ गटांवर तपासले. जवळपास निम्मे टिकले नाहीत, आणि जे टिकले नाहीत ते बहुतेक ठिकाणी टिकले नाहीत. ठिकाणागणिक फरक अपेक्षेपेक्षा कमी निघाला. तेव्हा «परदेशातलं आहे, आपल्याला लागू नाही» हे वाक्यही पुराव्याशिवाय म्हणू नये.

«कशाची वाट बघायची?»

दोन तासांची. बंदीचं परिपत्रक काढण्याआधी एका तुकडीला दहा मिनिटं नेहमीसारखं शिकवा आणि ते रेकॉर्ड करा. निम्म्या मुलांना वही, निम्म्यांना त्यांचं नेहमीचं यंत्र द्या. वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, हजेरीपटाच्या क्रमाने किंवा बाकांच्या रांगांनी नको, कारण मागच्या बाकावर कोण बसतं हे आपल्याला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात गट उलटे करा. प्रत्येकाने किती शब्द लिहिले ते मोजा, आणि तुमच्या तोंडचे सलग तीन शब्द जसेच्या तसे किती वेळा आले तेही मोजा. दोन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर प्रिन्स्टनची साखळी तुमच्या वर्गात सुरूच होत नाही. मग लॅपटॉप बंद करायला दुसरं कारण शोधा. ते कदाचित सापडेलही, फक्त ते वर्गातल्या वाय-फायमध्ये असेल. वेगळे आले, तर समजेचे पाचसहा प्रश्न काढून पुढची कडी तपासा. प्रश्न मात्र परीक्षेत विचारता तसेच काढा. तुमची प्रश्नपत्रिका व्याख्या आणि टिपा लिहा यांवर चालत असेल, तर प्रिन्स्टनमध्ये बरोबरी झाली होती ती नेमकी त्याच जातीच्या प्रश्नांत.